१/x वक्र फिरवून होणारे शिंग: घनफळ मर्यादित आणि पृष्ठफळ अमर्याद, हे नेमके कशामुळे?

मृदुला_कोथरूड | शुक्रवार, रात्री ९.१०

माझा भाचा यंदा बारावीला आहे आणि त्याच्या निमित्ताने माझीही इंटिग्रेशनची उजळणी चालू आहे. काल आम्ही y = 1/x हा वक्र x = 1 पासून पुढे घेतला आणि तो x-अक्षाभोवती फिरवला. त्यातून तोंडाशी रुंद आणि पुढे अखंड निमुळते होत जाणारे, कधीच न संपणारे एक शिंग तयार होते. आकडेमोड अवघड नाही. शिंग x = a येथे कापले, तर घनफळ आणि तोंडाची चकती सोडून उरलेले वक्र पृष्ठफळ असे येते:

```
V(a) = π ∫₁ᵃ (1/x²) dx = π (1 − 1/a)
S(a) = 2π ∫₁ᵃ (1/x) √(1 + 1/x⁴) dx > 2π ln a
```

a वाढवत नेला की घनफळ π च्या जवळ जाऊन थांबते, पृष्ठफळ मात्र लॉगसोबत वाढतच राहते. सूत्रे मला पटतात. परंतु भाच्याने विचारले, "मावशी, एक एकक १० सेंटिमीटर धरले तर हे शिंग सव्वातीन लिटर रंगाने भरता येते, मग तेवढ्याच रंगाने ते आतून रंगत नाही असे कसे म्हणता येईल?" त्या प्रश्नापुढे मी अडले. सूत्र उत्तर सांगते, पण कारण सांगत नाही. एकच रेषा फिरवून झालेल्या एकाच आकाराची दोन मोजमापे अशी परस्परविरुद्ध का वागतात, हे कोणी समजावून सांगेल का?

श्रीनिवास_द | शुक्रवार, रात्री ९.४५

माझ्या मते कारण साधे आहे. शिंगाची लांबी अनंत आहे, आणि अनंत लांबीच्या वस्तूला अनंत पृष्ठभाग असणारच. घनफळ वाचते, कारण पुढे पोकळी जवळजवळ शून्य होते.

प्रतिभा_निवृत्त | शुक्रवार, रात्री १०.३०

श्रीनिवासराव, आपल्या म्हणण्याचा दुसरा भाग योग्य दिशेने जातो, परंतु पहिला भाग टिकत नाही. y = e⁻ˣ हा वक्र असाच फिरवून पाहा. तेही शिंग अनंत लांब असते, पण एकेक एकक पुढे जाताना त्याची त्रिज्या सुमारे ०.३७ पट होते, आणि त्यामुळे त्याचे घनफळ आणि पृष्ठफळ दोन्ही मर्यादित राहतात. म्हणजे लांबी अनंत असणे पुरेसे नाही. लांबी वाढते त्या मानाने त्रिज्या किती वेगाने घटते, यावर सर्व अवलंबून आहे.

मृदुलाताई, महाविद्यालयात शिकवताना मी या शिंगाचे तुकडे करून दाखवत असे, आणि तुकडे समान लांबीचे न घेता दरवेळी दुप्पट लांबीचे घेत असे. एक एकक म्हणजे १० सेंटिमीटर धरू. वक्राच्या शून्यबिंदूपासून अंतर मोजले, तर शिंगाचे तोंड १० सेंमीवर आहे आणि तेथे त्रिज्याही १० सेंमी आहे. पहिला तुकडा १० पासून २० सेंमीपर्यंत, दुसरा २० पासून ४० पर्यंत, तिसरा ४० पासून ८० पर्यंत, असे पुढे जायचे. आता पहिला तुकडा हातात घेऊन तो लांबीच्या दिशेने दुप्पट ताणा आणि त्रिज्येच्या दिशेने निम्मा दाबा. जे मिळेल तो अगदी तंतोतंत दुसरा तुकडाच असतो. १/x या वक्राचा हा खास गुण आहे, कारण अंतर दुप्पट केले की उंची नेमकी निम्मी होते.

या एका क्रियेने घनफळाचे आणि पृष्ठफळाचे काय होते ते पाहा. घनफळात लांबी एकदा येते, पण त्रिज्या दोनदा येते, म्हणून ते २ × ½ × ½, म्हणजे निम्मे होते. पृष्ठफळात लांबी एकदा आणि परिघ एकदा येतो, म्हणून ते २ × ½, म्हणजे जवळजवळ होते तेवढेच राहते. त्रिज्येचे निम्मे होणे घनफळ दोनदा सोसते आणि पृष्ठफळ एकदाच सोसते. आपण ज्याला विरोध म्हणता तो एवढाच आहे. घनफळांची बेरीज अर्धी, पाव, अष्टमांश अशी आटत जाते आणि एका संख्येपाशी थांबते. पृष्ठफळांच्या बेरजेत मात्र तीच रक्कम अनंत वेळा पडत राहते.

ओंकार_बारावी | शनिवार, सकाळी ७.२०

मी मृदुलामावशींचा भाचा. प्रतिभाताई, मी रात्री तुकड्यांचे आकडे काढले. घनफळ पहिल्या तुकड्यात १५७१ घन सेंमी, दुसऱ्यात ७८५, तिसऱ्यात ३९३ असे येते आणि सर्व मिळून ३१४२ घन सेंमी, म्हणजे ३.१४ लिटर होतात. पृष्ठफळ मात्र पहिल्या तुकड्यात ५०२ चौरस सेंमी, दुसऱ्यात ४४० आणि तिसऱ्यात ४३६ आले. आपण म्हणता त्याप्रमाणे ते सारखे नाही, कमी होत आहे. मग ते असेच कमी होत जाऊन शेवटी शून्याकडे का जाणार नाही?

प्रतिभा_निवृत्त | शनिवार, सकाळी १०.०५

ओंकार, तू आकडे स्वतः काढून पाहिलेस याचा मला मनापासून आनंद झाला, आणि तुझी शंका अगदी योग्य आहे. मी "जवळजवळ" म्हटले होते त्याचे कारण येथेच आहे. पृष्ठभाग उतरता असल्यामुळे त्याची लांबी अक्षावर न मोजता तिरकस मोजावी लागते. सूत्रातले √(1 + 1/x⁴) हे पद त्यासाठीच आहे. तोंडाशी उतार मोठा आहे, म्हणून पहिला तुकडा जास्तीचे पृष्ठफळ घेतो. पुढे शिंग सपाट होत जाते, तिरकस लांबी आणि अक्षावरची लांबी यांतील फरक नाहीसा होतो, आणि आकडा 2π ln 2 एककांवर, म्हणजे ४३५.५ चौरस सेंमीवर येऊन स्थिरावतो. त्याखाली तो कधीच जात नाही, कारण तिरकस लांबी अक्षावरच्या लांबीपेक्षा कमी असू शकत नाही.

श्रीनिवास_द | शनिवार, सकाळी ११.१५

लांबीविषयीची माझी चूक मला मान्य आहे. परंतु मग ते वर्गमूळ हवेच कशाला? पातळ वृत्तचितींचे पट्टे घेऊन 2π ∫ (1/x) dx काढले, तरी उत्तर अनंतच येते. मी पूर्वीपासून पृष्ठफळ असेच काढत आलो आहे.

प्रतिभा_निवृत्त | शनिवार, दुपारी १२.००

येथे ती पद्धत निभावते, कारण आपल्याला फक्त "यापेक्षा कमी नाही" एवढेच सिद्ध करायचे आहे आणि ती खालची मर्यादाच अनंत आहे. परंतु तीच पद्धत साध्या शंकूला लावली, तर पृष्ठफळ π × त्रिज्या × उभी उंची असे येते, आणि दहावीपासून आपल्याला माहीत आहे की तेथे तिरकस उंची हवी. घनफळ काढताना पट्टा तिरका असला तरी चूक विरून जाते. पृष्ठफळात ती पट्टे कितीही पातळ केले तरी तशीच राहते. म्हणून सवय म्हणून ही पद्धत ठेवू नये, अशी माझी विनंती आहे.

भोसरी_कोटिंग | शनिवार, दुपारी ३.४०

नमस्कार. माझा भोसरीला पावडर कोटिंगचा छोटा कारखाना आहे. आपल्या शिंगाची एकूण लांबी किती आणि धातू कोणता, हे सांगितल्यास रंगाचा अंदाज देता येईल. आमच्याकडे थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो आणि हिशेब पृष्ठफळ गुणिले थराची जाडी असा करतात.

एक अनुभव मात्र नोंदवतो, तो आपल्या उपयोगाचा असेल तर पाहावा. बारीक तारेच्या जाळीला हा हिशेब नेहमी कमी पडतो. एक मिलिमीटर जाडीच्या तारेवर ७० मायक्रॉनचा थर दिला, तर हिशेबापेक्षा सुमारे ७ टक्के पावडर जास्त लागते, कारण थराची बाहेरची बाजू तारेपेक्षा मोठ्या परिघाची असते. तार जितकी बारीक, तितकी ही तफावत वाढते. अरुंद नळीच्या आतल्या बाजूचे वेगळेच दुखणे आहे. तेथे पावडर खोलवर पोहोचतच नाही.

मृदुला_कोथरूड | शनिवार, सायंकाळी ५.३०

दादा, हे शिंग केवळ गणितातले आहे आणि त्याची लांबी संपत नाही, हे मी आधीच स्पष्ट लिहायला हवे होते. परंतु आपला तारेचा अनुभव वाचून मला वाटू लागले आहे की माझ्या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच असावे. रंग आतून लावणे आणि बाहेरून लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत का?

प्रतिभा_निवृत्त | शनिवार, रात्री ८.५०

भोसरीच्या दादांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आज मी कागद घेऊन बसले आणि ०.१ मिलिमीटर जाडीच्या थराचा हिशेब दोन्ही बाजूंनी केला.

आधी आतली बाजू. शिंगाची त्रिज्या शून्यबिंदूपासून १०० मीटर अंतरावर ०.१ मिलिमीटर होते. तेथपर्यंत थर नीट बसतो. त्यापुढे मात्र शिंगाची पोकळीच थराच्या जाडीपेक्षा लहान होते, म्हणजे तेथे तेवढा जाड थर मावतच नाही आणि शिंग गच्च भरून जाते. हा उरलेला अनंत लांबीचा भाग भरायला फक्त ३ मिलिलिटर रंग लागतो. सगळे मिळून आतल्या बाजूला सुमारे ४४ मिलिलिटर पुरतात.

आता बाहेरची बाजू. तेथे थराला अडवणारे काही नाही. शिंग केसापेक्षा बारीक झाले, तरी त्याच्याभोवती ०.१ मिलिमीटर जाडीचे रंगाचे वेष्टन असलेच पाहिजे. म्हणजे दूरवर गेल्यावर आपण शिंग रंगवत नसून ०.२ मिलिमीटर व्यासाची, कधीच न संपणारी रंगाची दोरी वळत असतो. तिला रंग अमर्याद लागणार यात नवल नाही.

ओंकारच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. शिंग रंगाने भरले की आतली भिंत प्रत्येक बिंदूपाशी ओली होते, हे खरे आहे. परंतु त्या भिंतीवरच्या रंगाची जाडी सर्वत्र सारखी नसते; x अंतरावर ती 1/x पेक्षा जास्त असू शकत नाही. "अनंत पृष्ठफळ रंगवायला अनंत रंग लागतो" हे विधान जाडी सर्वत्र सारखी धरूनच खरे ठरते. जाडी पुढेपुढे घटू दिली, तर बाहेरूनही मोजक्या रंगात काम होते. उदाहरणार्थ, प्रत्येक ठिकाणी त्रिज्येच्या शंभराव्या भागाइतका थर दिला, तर बाहेरच्या बाजूला सुमारे ६३ मिलिलिटर रंग पुरेल.

ओंकार_बारावी | शनिवार, रात्री ९.३५

ताई, मग मी आणखी एक हिशेब केला. प्रत्येक तुकड्यात ४३५.५ चौरस सेंमी मिळतात, पण तुकड्यांची लांबी दुप्पट होत जाते. शिंग दीडशे किलोमीटर, म्हणजे पुण्याहून मुंबईपर्यंतच्या रस्त्याइतके लांबवले, तरी फक्त साडेवीस तुकडे होतात आणि एकूण पृष्ठफळ ०.९ चौरस मीटर भरते. आमच्या जेवणाच्या टेबलाचा पृष्ठभाग त्याहून मोठा आहे! पाण्याच्या एका रेणूची जाडी ०.३ नॅनोमीटर धरली, तर ६७,००० किलोमीटरवर शिंग रेणूइतके अरुंद होते, आणि तेथेही पृष्ठफळ १.२८ चौरस मीटरच असते. याला "अमर्याद" म्हणायला मन धजत नाही.

श्रीनिवास_द | शनिवार, रात्री १०.१०

म्हणजे प्रत्यक्षात १.२८ चौरस मीटर गुणिले ०.१ मिलिमीटर, असे १२८ मिलिलिटर रंगात रेणूपर्यंतचे शिंग बाहेरून रंगेल. अनंताचा प्रश्न केवळ कागदावरचा राहिला.

प्रतिभा_निवृत्त | रविवार, सकाळी ९.००

श्रीनिवासराव, येथेच तारेचा अनुभव आठवावा. बाहेरून पृष्ठफळ गुणिले जाडी हा हिशेब थर त्रिज्येपेक्षा बराच पातळ असेपर्यंतच चालतो. ६७,००० किलोमीटर लांब आणि ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या रंगाच्या दोरीचे घनफळ २१०० लिटरच्या आसपास येते. आपल्या १२८ मिलिलिटरच्या हिशेबात तफावत ७ टक्क्यांची नसून सुमारे सोळा हजार पटींची आहे.

ओंकार, तुला वाटते ते मला समजते. लॉग अतिशय संथ वाढतो. पृष्ठफळात दर वेळी ४३५.५ चौरस सेंमीची भर घालण्यासाठी शिंग दुप्पट लांब करावे लागते. परंतु अमर्याद या शब्दाचा वेगाशी संबंध नाही. तू मला एक लाख चौरस मीटर माग किंवा त्याहून कितीही जास्त, ते ओलांडणारे अंतर मी तुला लिहून देऊ शकते. घनफळाच्या बाबतीत मात्र ३१४२ घन सेंमी, म्हणजे ३१४१.५९ या मर्यादेच्या किंचित पुढचा आकडा मागितलास, तर तो गाठणारे अंतर मला कधीच देता येणार नाही.

नारायणपेठकर | रविवार, सकाळी ११.२०

मी गणिताचा विद्यार्थी नाही, विज्ञानाच्या इतिहासाचा वाचक आहे. या आकाराला गॅब्रिएलचे शिंग म्हणतात आणि त्याला टॉरिसेलीचे नावही जोडले जाते. हवेचा दाब मोजणारा पाऱ्याचा दाबमापक करणारा टॉरिसेली तो हाच. त्याने १६४४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. तेव्हा न्यूटन अद्याप लहान मूल होता आणि आज आपण शिकतो ते कलनशास्त्र अस्तित्वात नव्हते, म्हणून त्याची रीत मला विशेष वाटते.

त्याने शिंगाच्या आडव्या चकत्या केल्या नाहीत. शिंगाच्या तोंडाला शून्यापर्यंत जाणारी, १ त्रिज्येची भरीव वृत्तचिती जोडली आणि मग अक्षाभोवती एकात एक बसलेल्या नळ्या कल्पिल्या. r त्रिज्येची नळी शून्यापासून 1/r पर्यंत लांब असते. तिचा परिघ 2πr आणि लांबी 1/r, म्हणून तिचा वक्रपृष्ठभाग नेहमी 2π येतो. नळी आखूड आणि रुंद असो की लांब आणि अरुंद. अक्षापासून काठापर्यंत त्रिज्या ० ते १ जाते, म्हणून या सगळ्या नळ्यांच्या जागी 2π तळाचे आणि १ उंचीचे भांडे ठेवता येते. एकूण घनफळ 2π. त्यातून जोडलेल्या वृत्तचितीचे π वजा केले की शिंगाचे π उरते. अनंताकडे न जाताच उत्तर मिळते, आणि त्या काळातल्या विद्वानांमध्ये या निष्कर्षावर मोठा वाद झाला, कारण अनंत लांब वस्तूचे माप मर्यादित असू शकते हेच अनेकांना अमान्य होते.

मृदुला_कोथरूड | रविवार, दुपारी ४.१५

नळ्यांची ही रीत मी ओंकारला भाजी निवडता निवडता सांगितली आणि त्याने कागदाविना ती पुन्हा मला सांगितली. मला मात्र एक गोष्ट अजून बोचते. गणितातल्या रंगाला जाडीच नसेल, तर पृष्ठभाग "रंगवणे" म्हणजे काय, हेच ठरलेले नाही. चौरस सेंमी आणि घन सेंमी यांची तुलना मुळात करताच येत नाही. मग प्रश्नच चुकीचा होता असे म्हणावे का?

श्रीनिवास_द | रविवार, सायंकाळी ६.००

मला तसेच वाटते. रंगाचा दृष्टान्त सोडून द्यावा.

प्रतिभा_निवृत्त | रविवार, सायंकाळी ७.३०

मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. दृष्टान्त अपुरा आहे, परंतु त्यामुळेच जाडीचे गृहीतक उघडे पडते; विद्यार्थ्याने त्यावर अडखळावे असे मला वाटते. यावर आपले एकमत झाले नाही तरी चालेल.

ओंकार_बारावी | रविवार, रात्री ९.०५

ताई, मी दुपटीची रीत 1/xᵖ ला लावून पाहिली. लांबी दुप्पट केली की त्रिज्या 2⁻ᵖ पट होते. म्हणून तुकड्याचे पृष्ठफळ सुमारे 2¹⁻ᵖ पट आणि घनफळ 2¹⁻²ᵖ पट होते. p हा १ पेक्षा मोठा असेल तर दोन्ही मर्यादित. p हा ½ किंवा त्याहून कमी असेल तर दोन्ही अमर्याद. मधल्या पट्ट्यात घनफळ मर्यादित आणि पृष्ठफळ अमर्याद, आणि 1/x त्या पट्ट्याच्या अगदी काठावर बसले आहे. याच्या उलट, म्हणजे पृष्ठफळ मर्यादित आणि घनफळ अमर्याद, असा p मला सापडला नाही. दुसरा एखादा वक्र असेल का?

प्रतिभा_निवृत्त | रविवार, रात्री ९.५०

फिरवून झालेल्या शिंगात तसे होऊ शकत नाही. शिंगाकडे अक्षाच्या दिशेने पाहा. लहान वर्तुळापासून मोठ्या वर्तुळापर्यंत पोहोचताना पृष्ठभागाला त्या दोन वर्तुळांमधले कडे झाकावेच लागते, म्हणून पृष्ठफळ मर्यादित असेल तर त्रिज्या कोणत्यातरी M च्या पुढे जाऊ शकत नाही. आणि त्रिज्या M च्या आत असेल, तर प्रत्येक पातळ चकतीचे πr² हे तिच्या काठाच्या 2πr च्या M/2 पटीपेक्षा जास्त नसते. सर्व चकत्यांची बेरीज केली की घनफळ हे पृष्ठफळाच्या M/2 पटीच्या आतच राहते.

भोसरी_कोटिंग | रविवार, रात्री १०.२०

ओंकार, येत्या शनिवारी मावशींना घेऊन कारखान्यात ये. एक मिलिमीटर आणि पाव मिलिमीटर जाडीच्या तारा सारख्याच लांबीच्या कापून ठेवतो. कोटिंगच्या आधी आणि नंतर तू स्वतः वजन करून पाहा. पाव मिलिमीटरच्या तारेला हिशेबापेक्षा २८ टक्के पावडर जास्त लागायला हवी. तेवढी लागते का, ते तराजूवर दिसेल.